नंबर सगळ्यात चांगले, पण तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नाही. फीडबॅक नोट कशी लिहू?

बेलापूर_डॉक्स
नमस्कार मंडळी. मी सीबीडी बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात इम्पोर्ट डॉक्सची टीम बघतो. आठ जण आहोत, न्हावा शेवाचं काम, महिन्याला साधारण साडेतीनशे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टमला द्यायचे फॉर्म, पडतात, त्यातल्या शंभरच्या वर एकटी एक मुलगी टाकते. सहा वर्षं झाली तिला. चुका जवळजवळ शून्य, क्वेरी आली की उत्तर त्याच दिवशी, मोठे दोन क्लायंट तर तिच्या नावावरच टिकलेत असं म्हटलं तरी चालेल.

आता अडचण सांगतो. ज्युनियरने केलेल्या चेकलिस्टचा, म्हणजे फाइल करण्याआधीच्या ड्राफ्टचा, स्क्रीनशॉट काढते, चुकीवर लाल गोल करते आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते, त्या ग्रुपमध्ये आमचे डॉकवरचे फिल्ड बॉय आणि ट्रान्सपोर्टवाले पण आहेत. मागच्या महिन्यात खाली लिहिलं होतं "हे कोणी केलंय? इन्व्हॉइस वाचता येत नसेल तर घरी बसा". दुसरं म्हणजे एखादा जॉब ज्युनियरकडे अर्धा झालेला असताना न सांगता स्वतःकडे ओढते आणि फाइल करून मोकळी होते. तिसरं, क्लायंटच्या कॉलवर माझ्यासमोर म्हणाली "तो नवीन आहे, त्याच्याकडून नाही व्हायचं, डायरेक्ट मला फोन करत जा". दोन पोरांनी डेस्क बदलून मागितलंय, एक जण सोडून जायच्या विचारात आहे.

मालक म्हणतात तिला दुखवू नकोस, आणि टीम म्हणते तुम्ही तिला काही बोलतच नाही. मी हा ड्राफ्ट केलाय, बघून सांगा:

"तुझं काम नेहमीच उत्कृष्ट असतं आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. मात्र टीममधल्या काही जणांना तुझ्या बोलण्याचा त्रास होतो असं कानावर आलंय. अ‍ॅटिट्यूडमध्ये थोडी सुधारणा करावी आणि टीम प्लेयर म्हणून वागावं. बाकी काम असंच चालू ठेव. ऑल द बेस्ट."

थेट_बोला
लेखी देऊच नका भाऊ. चहाला घेऊन जा, तोंडी सांगा, विषय संपला. लेखी दिलं की ते रेकॉर्डला लागतं आणि तीन लेखी वॉर्निंग झाल्या की माणसाला काढावंच लागतं, कायदाच आहे तसा. तुम्हाला ती हवीय ना? मग कागद कशाला करताय.

कोपरखैरणे_३
माझी सिनियर पण सेम अशीच आहे, सगळ्यांसमोर ओरडते, मी एचआरला मेल केला तर दोन आठवडे झाले उत्तर नाही. तुमच्याकडे निदान मॅनेजर ऐकतोय तरी. मी लेबर ऑफिसला जाऊ शकते का यावर? ठाण्याला जायचं की वाशीला?

चरईकर
कोपरखैरणे ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे, तुम्ही सहन करणाऱ्या बाजूला आहात आणि इथे प्रश्न नोट देणाऱ्याचा आहे. वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन. तोवर तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि नेमके शब्द, एवढं एका वहीत लिहून ठेवायला लागा.

बेलापूर, आता तुमचं. मी ठाण्यात पोखरण रोडच्या एका कारखान्यात आणि नंतर ऑफिसांमध्ये एचआरमध्ये बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो.

थेट_बोला यांचं अर्धं बरोबर आहे. आधी बोलायचं, कागद नंतर. कोऱ्या मनाने वाचलेली नोट माणसाला चार्जशीट वाटते. पण तीन वॉर्निंगनंतर काढावंच लागतं असा काही कायदा नाही, तो सगळ्या ऑफिसांमध्ये फिरणारा समज आहे. आणि फीडबॅकची नोट ही वॉर्निंग नसतेच. वरती साधं लिहा, "आपल्या बोलण्याची नोंद". समोरासमोर बोलणं झालं की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी द्या. कागद यासाठी लागतो की नुसतं तोंडी राहिलं तर महिन्याभराने तुमच्या आठवणीत एक असतं आणि तिच्या आठवणीत दुसरंच.

तुमच्या ड्राफ्टमध्ये एकही घटना नाही, हा त्यातला मोठा घोळ. "अ‍ॅटिट्यूड सुधार" वाचून तिने सोमवारी सकाळी नेमकं काय वेगळं करायचं? कॅमेऱ्यात दिसेल किंवा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल तेवढंच लिहायचं. लाल गोल केलेला स्क्रीनशॉट दिसतो. उर्मटपणा दिसत नाही, तो आपण काढलेला अर्थ असतो, आणि आपण काढलेल्या अर्थावर ती अर्धा तास वाद घालू शकते. स्क्रीनशॉटवर वाद घालता येत नाही.

यावर क्लुगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये जुने शेकडो प्रयोग एकत्र करून तपासले होते. एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर कामगिरी उलट खाली गेली होती. त्यांचं म्हणणं असं की फीडबॅकने माणसाचं लक्ष कामावरून उठून "मी कशी आहे" याकडे वळलं की ते उलटं पडायची शक्यता वाढते. तुमच्या नोटमधली अ‍ॅटिट्यूड, टीम प्लेयर, अभिमान ही सगळी माणसाबद्दलची भाषा आहे, कामाबद्दल त्यात काहीच नाही.

ऐरोली_नाइट
मी हे दुसऱ्या बाजूने बघितलंय म्हणून लिहितो. सपोर्टच्या नाइट शिफ्टला होतो, तिकिटं सगळ्यात जास्त मी क्लोज करायचो, आणि अप्रेझलला एक ओळ आली "नीड्स टू इम्प्रूव्ह इंटरपर्सनल स्किल्स". बस. विचारलं कधी काय झालं, तर म्हणे असं जनरल आहे, तुला माहितीय. खरंच माहिती नव्हतं. पुढचे कित्येक महिने मी कोणाशी कामापलीकडे बोललोच नाही कारण नक्की कशावरून झालं ते कळेना, आणि कोणी तक्रार केली असेल याचे अंदाज लावत बसलो, त्यातून ज्याने केलीच नव्हती त्याच्याशी संबंध बिघडले. एक प्रसंग सांगितला असता तर एका दिवसात सुटलं असतं. त्यामुळे ते "कानावर आलंय" आधी खोडा.

चरईकर
ऐरोलीकरांनी सांगितलं ते लाख मोलाचं. आठ जणांच्या टीममध्ये "काही जण म्हणतात" लिहिलं की ती संध्याकाळपर्यंत यादी काढते. म्हणून नोटमध्ये फक्त तुम्ही स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, किंवा ग्रुपवर सगळ्यांसमोर असलेलं घ्या. डेस्क बदलायची मागणी, सोडून जायचा विचार, हे त्या पोरांनी विश्वासाने सांगितलंय, ते तिच्या कागदात येता कामा नये.

आता एक विचारतो. तिच्या वागण्याने कामाचं काय नुकसान झालं? पोरं दुखावली हे खरंच आहे, पण अशी माणसं बहुतेक वेळा म्हणतात की मी इथे काम करायला आलेय, मैत्री करायला नाही. त्यामुळे जॉबमध्ये काय बिघडलं ते सांगा.

बेलापूर_डॉक्स
काका, एक आहे. व्हिएतनामचा माल होता, आसियानची ड्युटी सवलत घ्यायची होती. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर जो इन्व्हॉइस नंबर होता तो प्रत्यक्ष इन्व्हॉइसशी जुळत नव्हता. ज्या पोराकडे जॉब होता त्याला हे दिसलं होतं, त्याने स्वतः मला नंतर सांगितलं. पण आदल्याच आठवड्यात ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट पडला होता, त्यामुळे तिला विचारायला गेला नाही, मी डॉकवर होतो, बोट लागायची होती, त्याने तसंच फाइल केलं. असेसमेंट फेसलेस, ऑफिसर कुठल्या पोर्टचा ते आपल्या हातात नाही, क्वेरी आली, सप्लायरकडून खुलासा मागवेपर्यंत दोन दिवस गेले, कंटेनर सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, पडून. क्लायंटने ग्राउंड रेंट आणि डिटेन्शनचं बिल आमच्याकडे ढकललं.

आणि ती रजेवर गेली की काय होतं तेही सांगतो. दिवाळीत गावी गेली होती तेव्हा तिचे दोन क्लायंट दुसऱ्या कोणाशी बोलायलाच तयार नव्हते, फोन तिला गावी जायचे आणि ती तिथून मोबाइलवर चेकलिस्ट बघायची.

चरईकर
मग तुमच्या हातात खरा मुद्दा आलाय. तुम्ही "रिझल्ट एकीकडे आणि वागणूक दुसरीकडे" असा तराजू धरून बसलात आणि दोन्ही पारडी सारखी कशी करू असं विचारताय. इथे ही दोन खाती वेगळी नाहीतच. शंभरच्या वर आकडा आहे, त्यातले किती जॉब तिने दुसऱ्याच्या हातातून ओढलेले आहेत? क्लायंट तिच्या नावावर टिकलेत, पण कॉलवर दुसऱ्यावरचा विश्वास तिनेच काढून घेतलाय. तिचं कौशल्य खरं आहे, त्यात शंका नाही, पण आकड्यातला काही भाग हा त्याच वागण्यातून तयार होतोय आणि बाकीच्यांचे आकडे त्यानेच खाली जातायत. मागच्या तीन महिन्यांचे जॉब काढा आणि ज्यात सुरुवात एकाने केली आणि सबमिट तिने केलं ते वेगळे करा. सॉफ्टवेअरमध्ये युजर लॉग असेल.

हे सांगताना सापळा लावल्यासारखं करू नका. तिच्यासमोर आकडा ठेवा आणि विचारा, हे असं का होतंय?

थेट_बोला
म्हणजे जी जास्त काम करते तिलाच आकडे दाखवून कानपिचक्या, आणि जी पोरं सर्टिफिकेट न विचारता फाइल करतात ती गरीब बिचारी. मला नाही पटत. त्या पोराला दिसलं होतं तर त्याने विचारायला हवं होतं, नोकरी आहे ही. ती रागावते कारण चुका होतात. बिल ऑफ एंट्री उशिरा पडली तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० लेट फी आहे, ती पोरं भरणार का?

नवा_डेस्क
मी पण डॉक्समध्येच आहे, दुसऱ्या ऑफिसात, दीड वर्ष झालं. थेट_बोला सर तुमचं म्हणणं बरोबर आहे की विचारायला हवं होतं. पण एकदा ग्रुपवर तुमचा स्क्रीनशॉट पडला ना की पुढच्या वेळी प्रश्न डोक्यात आला तरी आधी मनात हिशोब होतो, हा प्रश्न मूर्खासारखा तर नाही, आणि तो हिशोब होईपर्यंत कट ऑफ आलेला असतो. आमच्याकडे एक सर आहेत ते खूप कडक आहेत पण चुकलं की बाजूला बोलावून इन्व्हॉइसवर बोट ठेवून दाखवतात. त्यांचा राग कोणाला येत नाही. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न जातात.

घोडबंदर_रोड
मला एक विचारायचंय आणि राग मानू नका. हेच सगळं एखाद्या पुरुष सिनियरने केलं असतं तर तुम्ही नोट लिहायला बसला असतात का? आमच्याकडे एक साहेब फाइल टेबलावर आपटतात तर लोक म्हणतात "कामाचा माणूस आहे, तापट आहे जरा". बाईने अर्धं केलं की लगेच अ‍ॅटिट्यूड. मी असं म्हणत नाहीये की तिचं बरोबर आहे, स्क्रीनशॉट टाकणं चूकच. फक्त माप एकच आहे का ते बघा. तुमच्या टीममध्ये अजून कोणी आवाज चढवतं का?

बेलापूर_डॉक्स
राग कशाला ताई, विचारायलाच हवं. एक जुने सिनियर आहेत, फिल्डवरच्या पोरांशी फोनवर चढ्या आवाजात बोलतात. जॉब ओढत नाहीत, ग्रुपवर कोणाचं नाव घेत नाहीत, पण आवाज चढतो हे खरं. ग्रुपचा नियम सगळ्यांना एकच करतोय आणि त्यांच्याशीही वेगळं बोलतोय, या नोटच्या आधी, म्हणजे तिला असं वाटणार नाही की नियम तिच्यासाठी बनवला.

जॉबचा लॉग काढला. तिच्या तीन महिन्यांच्या आकड्यातले साधारण सहातला एक जॉब दुसऱ्याने सुरू केलेला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. ते सगळे काढले तरी ती टीममध्ये वरच आहे.

चरईकर
मग हे तिला नक्की सांगा, ही खरी स्तुती आहे. "ओढलेले जॉब बाजूला काढले तरी तुझा आकडा सगळ्यात वर आहे", म्हणजे तिला ओढायची गरजच नाही. ऑल द बेस्टपेक्षा हे वाक्य तिच्या जास्त लक्षात राहील, कारण हे तुम्ही मोजून सांगताय.

आणि "मात्र", "पण" ने स्तुती आणि तक्रार एका वाक्यात जोडू नका. स्तुतीचा परिच्छेद पूर्ण करून थांबा, मग नवीन परिच्छेदात विषय सुरू करा. वर गोड, मध्ये कडू, खाली परत गोड हा प्रकार हुशार माणसाला पहिल्याच ओळीत ओळखू येतो, आणि पुढे कधी खरंच कौतुक केलं तरी तिला वाटतं आता काहीतरी येणार.

बोलायला दिवस नीट निवडा. बोटींची गर्दी असलेला दिवस नको, शुक्रवार संध्याकाळ तर नकोच, दोन दिवस घरी ती एकटीच ते चघळत बसेल. मंगळवार बुधवार सकाळ बरी. काचेच्या केबिनमध्ये नको, सगळी टीम बाहेरून चेहरे वाचते. आणि तुम्ही घटना सांगितलीत की गप्प बसा, तिला बोलू द्या, तिच्या उत्तरात निम्मी नोट असते.

बेलापूर_डॉक्स
झालं बोलणं. बुधवारी सकाळी, ऑफिसच्या खालच्या मजल्यावर कॉन्फरन्स रूम रिकामी होती तिथे. लांबलचक लिहितोय, पण तपशील महत्त्वाचा आहे.

स्क्रीनशॉटचं सांगितलं, ती लगेच म्हणाली "मग चुका पोटात घालायच्या का?" मी म्हटलं नाही, चुका दाखवायच्याच आहेत, कुठे दाखवायच्या हा प्रश्न आहे. मग व्हिएतनामच्या जॉबचं सांगितलं, पोराचं नाव न घेता, तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली "तो मला विचारायला आला नाही हे मला माहितीच नव्हतं, मला वाटलं त्याला दिसलंच नाही".

जॉब ओढण्याचं विचारलं तेव्हा तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात नव्हतं. म्हणाली, कायद्याने बोट येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत बिल ऑफ एंट्री पडायला हवी, आणि आपल्याकडे ज्युनियरची चेकलिस्ट तपासायची वेळच ठरलेली नाही, संध्याकाळी सहाला एकदम चार चेकलिस्ट समोर येतात, समजावत बसले तर चारही राहतात, म्हणून मी स्वतः करून टाकते. आणि क्लायंट रात्री फोन करतो तेव्हा तुम्ही कोणी उचलत नाही, मी उचलते. यातलं काही खोटं नाहीये.

त्यावरून नोट अशी केलीय:

"आज सकाळी आपण बोललो त्याची नोंद. ही वॉर्निंग नाही.

गेल्या तीन महिन्यांत टीममध्ये सगळ्यात जास्त बिल ऑफ एंट्री तू टाकल्यास. दुसऱ्यांनी सुरू केलेले जॉब बाजूला काढले तरी तू वरच राहतेस. क्वेरीचं उत्तर त्याच दिवशी देण्याची पद्धत टीममध्ये तूच पाडलीस.

तीन गोष्टींवर आपण बोललो. मागच्या महिन्यात तू ग्रुपवर एका चेकलिस्टचा स्क्रीनशॉट टाकून 'घरी बसा' असं लिहिलंस, त्या ग्रुपमध्ये बाहेरचे लोकही आहेत. तीन महिन्यांत साधारण सहातला एक जॉब असा आहे जो दुसऱ्याने सुरू केला आणि तू न सांगता सबमिट केलास. क्लायंटच्या कॉलवर तू सहकाऱ्याबद्दल म्हणालीस की त्याच्याकडून नाही व्हायचं. याचा परिणाम असा होतोय की शंका असूनही तुला विचारलं जात नाही. सर्टिफिकेटवरच्या इन्व्हॉइस नंबरच्या जॉबमध्ये हेच झालं आणि कंटेनर दोन दिवस पडून राहिला. शिवाय तू रजेवर असलीस की तुझे क्लायंट अडतात आणि तुला रजा मिळत नाही.

आजपासून: चूक दिसली की ज्याची आहे त्याला बाजूला किंवा त्याच्या पर्सनल चॅटवर सांगायची, ग्रुपवर नाही. जॉब घ्यावाच लागला तर आधी त्याला सांगायचं आणि का घेतला ते नंतर दोन मिनिटांत दाखवायचं. क्लायंटच्या कॉलवर सहकाऱ्याबद्दल मत द्यायचं नाही, शंका असेल तर मला सांगायचं.

माझ्याकडून: ज्युनियरची चेकलिस्ट दुपारी तीनपर्यंत येईल, पहिली तपासणी मी करीन, तुझ्याकडे फक्त अडलेली येईल. रात्रीच्या फोनची पाळी पुढच्या आठवड्यापासून लागेल, त्यात मीही आहे.

दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी आपण परत बसू. तू सांगितलेलं यात काही राहिलं असेल तर खाली लिही."

ऐरोली_नाइट
ही नोट मला मिळाली असती तर बरं झालं असतं. शेवटची ओळ ठेवा, तिला खाली लिहायला जागा आहे हे मोठं आहे.

थेट_बोला
नोट चांगली झाली हे मान्य. "माझ्याकडून" वाला भाग आवडला, मी जे म्हणत होतो की पोरांचं पण काहीतरी बघा ते त्यात आलं. पण यात बदलली नाही तर काय, ते कुठेय? एप्रिलला प्रमोशन असेल ना तिचं?

बेलापूर_डॉक्स
तोच प्रश्न राहिलाय. मालकांना तिला एप्रिलपासून टीम लीड करायचंय. मी नोटमध्ये तो उल्लेख मुद्दाम टाळला, धमकी वाटेल म्हणून.

चरईकर
मी टाकला असता. माणसाच्या पुढच्या पायरीवर ज्याचा परिणाम होणार आहे ते त्याला एप्रिलमध्ये कळणं हा अन्याय आहे. एक साधं वाक्य, "टीम लीडचा निर्णय घेताना या तीन गोष्टी बघितल्या जातील". ती मोठी आहे, तिला ते माहिती असायला हवं.

घोडबंदर_रोड
काका, मी याच्या विरुद्ध आहे. पहिल्याच नोटमध्ये प्रमोशन आणलं की पुढचे सहा आठवडे ती परीक्षेसारखे काढेल आणि एप्रिलनंतर परत जैसे थे. आधी बदल दिसू दे, सहा आठवड्यांच्या बैठकीत प्रमोशनचं बोला. आणि मालकांनी तिला आधीच टीम लीडचं तोंडी सांगितलं असेल तर? मग तुमचं वाक्य तिला तुम्ही मध्ये घातलेला खोडा वाटेल. आधी मालकांना विचारा त्यांनी काय कबूल केलंय.

चरईकर
शेवटचं म्हणणं एकदम मान्य, मालकांनी काय शब्द दिलाय ते आधी विचारा. बाकी वाक्य आत्ता की सहा आठवड्यांनी यावर माझं मत बदललेलं नाही, पण मी ऑफिसात नाहीये, बेलापूरकर आहेत, त्यांनी ठरवावं.

एक मात्र आत्तापासून नजरेत ठेवा. अशा नोटनंतर भांडण झालं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. माणूस पूर्ण गप्प होतो, हे जास्त वेळा होतं. ग्रुपवर स्क्रीनशॉट बंद, ओरडणं बंद, आणि त्याबरोबर चुका दाखवणंही बंद. "तुम्हीच म्हणालात ना बोलू नको." वरून सगळं शांत दिसतं, आणि दोन महिन्यांनी क्वेरी वाढलेल्या असतात. त्यामुळे नुसतं ग्रुपवर काय नाही ते मोजू नका. तिच्याकडे अडलेली चेकलिस्ट किती गेली आणि ती समजावून परत किती आली ते बघा. परत येणाऱ्या वाढतायत तर जमतंय. तिच्याकडे जाणंच थांबलं असेल तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता परत बसा.

आणि महिनाअखेर बघा. आधीचे तीन आठवडे सगळेच चांगले वागतात, बोटी एकदम लागल्या की जुनी सवय वर येते. एकदा घसरली तर लगेच दुसरी नोट काढू नका, त्याच संध्याकाळी बाजूला घेऊन एक वाक्य सांगा.

नवा_डेस्क
ज्युनियरच्या बाजूने एक सुचवू का? पोरांना पण सांगा की आता तिला प्रश्न विचारायला जायचंय. नाहीतर ती बदलली तरी पोरं तिच्या डेस्ककडे जाणारच नाहीत आणि तिला वाटेल की बदलून काय फायदा. आमच्या कडक सरांकडे जाताना नियम आहे, प्रश्न घेऊन जायचा तेव्हा कागद आणि आपलं उत्तर दोन्ही न्यायचं, म्हणजे "सर, सर्टिफिकेटवर हा नंबर आहे, इन्व्हॉइसवर हा, मला वाटतं सप्लायरला विचारावं, बरोबर का". त्याने त्यांचा वेळ पण जात नाही.

कोपरखैरणे_३
मी वेगळा धागा काढलाय काका, वेळ मिळेल तेव्हा बघा. आणि बेलापूर सर, ही नोट मी सेव्ह करून ठेवतेय.

बेलापूर_डॉक्स
नवा_डेस्क, हे घेतो, सोमवारच्या सकाळच्या मीटिंगमध्ये पोरांना हाच नियम सांगतो, नोटचा विषय न काढता.

मालकांना विचारलं. तोंडी शब्द दिलाय म्हणाले, "बघू एप्रिलला" एवढाच, पण तिने तो पक्का धरलाय असं दिसतंय. त्यामुळे प्रमोशनचं वाक्य नोटमध्ये नाही टाकलं, पण मालक आणि मी मिळून तिला पुढच्या आठवड्यात समोरासमोर सांगणार आहोत की निर्णय अजून झालेला नाही आणि कशावर होणार आहे. काकांना हे अर्धवट वाटेल, घोडबंदर ताईंना घाईचं वाटेल.

नोट तिने घेतली, खाली एकच ओळ लिहिली: "तीन वाजताची वेळ तुम्ही पाळलीत तर मी पाळीन." काल चेकलिस्ट तीन वाजता आल्या, एक सोडून. ती एक चार वाजता आली आणि मी स्वतः तपासली. दोन आठवड्यांनी इथेच लिहितो.